शुद्ध स्पेलिंग नको, एकच स्पेलिंग हवे

मराठी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगवरून वाद सुरू झाला की एक मागणी हमखास पुढे येते. सरकारने देवनागरीतून रोमन लिपीत नावे लिहिण्याचा एक शास्त्रशुद्ध नियम ठरवावा, पासपोर्टपासून बँकेपर्यंत तो सक्तीचा करावा आणि ज्यांची स्पेलिंगे त्यात बसत नाहीत त्यांनी ती दुरुस्त करून घ्यावीत, अशी ती मागणी. ती करणारी माणसे भाषेवर मनापासून प्रेम करणारी असतात आणि त्यांचा वैतागही खरा असतो. एकाच माणसाचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या आणि पॅनवर तिसऱ्या प्रकारे छापलेले असते. खिडकीवरचा कारकून कागद परत करतो आणि नावाच्या मालकाला आपण आपणच आहोत हे सिद्ध करावे लागते. दुखणे अगदी खरे आहे. सुचवलेला उपाय मात्र चुकीचा आहे, आणि तो अमलात आला तर आज ज्यांचे कागद जुळतात त्यांचेही बिघडतील.

नाव चुकीच्या नियमाने लिहिले गेले म्हणून हा घोळ होत नाही. ते दर कागदावर नव्याने लिप्यंतरित होते म्हणून होतो. शाळेचा लिपिक उच्चार ऐकून एक स्पेलिंग लिहितो, आधार केंद्रावरचे सॉफ्टवेअर दुसरे सुचवते, दस्त तयार करणारा एजंट इंग्रजी पाहून स्वतःच्या अंदाजाने देवनागरी टाइप करतो. प्रत्येकाने आपल्या परीने बरोबरच लिहिलेले असते, आणि प्रत्येकाचे वेगळे असते.

एक काल्पनिक नाव घेऊन पाहू : ज्ञानेश्वर वामन काळे. यातला ‘ज्ञ’ मराठी माणूस बहुधा Dny असा लिहितो, पण कागदोपत्री Dn, Gy आणि Jn हेही आढळतात. ‘श्व’ कुणी shw लिहितो, कुणी shv. वामन हा Waman किंवा Vaman. काळे Kale किंवा क्वचित Kaale. चार, दोन, दोन आणि दोन यांचा गुणाकार केला तर या साध्या नावाची 32 स्पेलिंगे होतात आणि त्यातल्या एकालाही निखालस चूक म्हणता येत नाही.

उलट दिशेने गेले तर अवस्था आणखी वाईट. Kale या चार अक्षरांतून काळे, काले, कळे, कले यांपैकी काहीही निघू शकते. Kane म्हणजे काणे की काने? Sathe म्हणजे साठे की साथे? रोमन लिपीत आल्यावर ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ठ’ आणि ‘थ’ यांच्यातला फरक पुसला जातो आणि पुसलेला फरक कोणत्याही नियमाने परत मिळत नाही. तो फक्त आधी कुठेतरी लिहून ठेवलेला असेल तरच मिळतो.

इथे शास्त्रशुद्धतेचे समर्थक म्हणतात, ‘म्हणूनच तर खुणांची पद्धत हवी.’ अशी पद्धत आहेच. ISO 15919 हे भारतीय लिपींच्या रोमनीकरणाचे आंतरराष्ट्रीय मानक 2001 साली आले. त्यात ‘ळ’ला ठिपका आहे, दीर्घ स्वरांवर रेघ आहे, ‘श’ला वेगळी खूण आहे. ग्रंथालयाच्या सूचीत आणि संशोधनात ते उत्तम चालते. पासपोर्टवर मात्र चालत नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे.

पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 9303 क्रमांकाच्या दस्तऐवजाने त्यांचा साचा ठरवला आहे. दर ओळीत 44 चौकटी. त्यांत A ते Z ही 26 मोठी अक्षरे, 0 ते 9 हे अंक आणि रिकाम्या जागेसाठी < ही खूण, एवढेच बसते. पहिल्या ओळीतल्या शेवटच्या 39 चौकटी नावासाठी असतात : आधी आडनाव, मग दोन खुणा, मग उरलेले नाव. आपल्या काल्पनिक काळ्यांची ओळ अशी दिसेल :

```
P<INDKALE<<DNYANESHWAR<WAMAN<<<<<<<<<<<<<<<<
```

या चौकटीत ठिपका नाही, रेघ नाही, कसलीच खूण नाही. 9303 मध्ये युरोपीय भाषांतली खुणांची अक्षरे, सिरिलिक आणि अरबी यांच्यासाठी तक्ते दिले आहेत, देवनागरीसाठी नाही. आता हेच नाव शास्त्रशुद्ध पद्धतीने लिहून खुणा काढून टाकल्या तर काय उरते? JNANESVARA VAMANA KALE. हे नाव त्या माणसाची आईसुद्धा ओळखणार नाही, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो ‘ळ’ शेवटी ‘ल’ होऊनच बसला. भारत सरकार स्थलनामांसाठी वापरते ती हंटर यांची एकोणिसाव्या शतकातली पद्धत खुणांच्या बाबतीत बरीच सैल आहे. तिच्या रोजच्या वापरात ट आणि त दोन्हींसाठी t च येतो. म्हणजे शुद्ध पद्धत यंत्रात बसत नाही आणि यंत्रात बसणारी पद्धत शुद्ध राहत नाही. दोन्हीही मिळतील असा तिसरा पर्याय नाही.

शुद्धतेच्या आग्रहात आणखी एक गृहीतक दडलेले असते : देवनागरी नाव हेच मूळ आणि रोमन ही त्याची कमअस्सल सावली. बऱ्याच घराण्यांसाठी हे खरे नाही. ग्वाल्हेरचे शिंदे Scindia लिहितात, बाकीचे Shinde. बडोद्याचे Gaekwad, इतर कितीतरी Gaikwad. ही भिन्न स्पेलिंगे पिढ्यान्‌पिढ्या करारांत, खटल्यांत आणि मालमत्तेच्या कागदांत रुजली आहेत. गोव्यात तर दिशाच उलटी आहे. 1961 पर्यंत तिथल्या जन्मनोंदी पोर्तुगीजांच्या दप्तरात रोमन लिपीतच झाल्या. नाईक तिथे Naique आहे, कामत Camotim आहे, प्रभू Porobo आहे. साळगावकरांच्या उद्योगाचे नाव Salgaocar असे c घेऊन लिहिले जाते, धेंपोंचे Dempo. गोव्यातला माणूस आजोबांच्या जन्मनोंदीचा उतारा घेऊन लिस्बनच्या नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करतो, तेव्हा त्याच्या हातातला सर्वात जुना कागद रोमन असतो आणि देवनागरी रूप नंतरचे असते. त्याला ‘तुझे स्पेलिंग मराठी उच्चाराला धरून नाही, बदल’ असे सांगणे म्हणजे वारशाचा धागा स्वतःच्या हाताने तोडायला सांगणे.

तेव्हा तत्त्व वेगळे हवे. माणसाच्या नावाची दोन रूपे असतात, एक देवनागरी आणि एक रोमन. ती एकमेकांपासून दरवेळी काढायची नसतात. ती जोडी एकदा ठरते आणि त्यानंतर फक्त नकलून घ्यायची असते. लिप्यंतर आयुष्यात एकदा. पुढे सगळी नक्कल, अक्षर न् अक्षर.

हे तत्त्व मोडले की काय होते ते घर खरेदीच्या व्यवहारात सर्वात स्पष्ट दिसते. समजा, आपले काळे दुबईत नोकरी करतात आणि पुण्यात फ्लॅट घेतात. पासपोर्टवर आडनाव KALE, नाव DNYANESHWAR WAMAN. दुबईच्या बँकेत खाते उघडताना वडिलांचे नाव गळले, म्हणून तिथे Dnyaneshwar Kale. आधारवर Dnyaneshwar Vaman Kale. बिल्डरच्या वकिलाने इंग्रजी करारनामा आधारची प्रत समोर ठेवून केला, म्हणून त्यात Vaman. इथपर्यंत तीन रूपे झाली आणि अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही.

मग दस्त नोंदणीला जातो. महाराष्ट्रात करारनामा इंग्रजीत असला तरी नोंदणीनंतर मिळणारी सूची क्रमांक 2, म्हणजे सगळे जिला इंडेक्स टू म्हणतात ती, मराठीत निघते. तिच्यातली नावे नोंदणीआधीच्या डेटा एंट्रीत देवनागरीत भरली जातात, आणि भरणारा माणूस बहुधा एजंट किंवा वकिलाचा मदतनीस असतो. त्याच्यासमोर फक्त इंग्रजी करारनामा आहे. ज्ञानेश्वर स्वतःचे नाव मराठीत कसे लिहितात हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. तो इंग्रजी अक्षरे टाइप करून देवनागरी मिळवण्याच्या सोयीने लिहितो आणि ‘द्न्यानेश्वर वामन काले’ तयार होते. पाच-सात वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की घेणाऱ्याच्या बँकेचा वकील मालकीच्या कागदांचा शोध घेतो आणि विचारतो, हे काले कोण?

हा घोळ वेळेत पकडता येतो. नोंदणीच्या आधी नोंदणीपूर्व गोषवारा निघतो. त्यात पक्षकारांची नावे, पत्ते, पॅन सगळे देवनागरीत छापलेले असते. बहुतेक लोक त्यातला मोबदल्याचा आकडा आणि फ्लॅटचा क्रमांक तपासतात, स्वतःचे नाव वाचतच नाहीत, कारण आपले नाव चुकेल असे कुणाला वाटत नाही. तिथे दोन मिनिटे दिली तर एक अक्षर जागच्या जागी बदलता येते. सही-अंगठा झाल्यावर तेच अक्षर बदलायला चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो आणि त्यासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा निबंधकासमोर यावे लागते. त्यातला एक दुबईत असतो आणि दुसऱ्याला आता या व्यवहारात काही रस उरलेला नसतो.

उपाय करारनाम्याच्या पहिल्या पानावरच आहे. पक्षकाराच्या वर्णनात जोडी लिहून टाकावी : ‘श्री. ज्ञानेश्वर वामन काळे, ज्यांचे नाव पासपोर्टवर आडनाव KALE, नाव DNYANESHWAR WAMAN असे आणि आधारवर Dnyaneshwar Vaman Kale असे आहे, पॅन अमुक.’ इंग्रजी करारनाम्यातसुद्धा देवनागरी नाव देवनागरीत छापावे. त्याला कोणताही कायदा आड येत नाही. मग डेटा एंट्री करणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही, त्याला नक्कल करायला मूळ मिळते. करार दोन्ही भाषांत असेल तर हे वाक्य दोन्ही प्रतींत तसेच्या तसे यावे.

आता दुसरा आक्षेप. काही जाणकार म्हणतात, नावाची एवढी चिंता कशाला, आता सगळे क्रमांकांवर चालते. पॅन आहे, आधार आहे, खाते क्रमांक आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि करारात क्रमांक द्यावेतच. पण क्रमांक नावाची जागा घेत नाहीत, उलट नाव जुळते का ते तपासायला लावतात. पॅन आणि आधार जोडताना दोन्हीकडचे नाव ताडून पाहिले जाते. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम आजवर खाते क्रमांकावरच जमा होत आली. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पर्यंत बँकांना अशी सोय द्यायला सांगितली की पैसे पाठवणाऱ्याला आधी समोरच्या खात्यावरचे नाव दिसेल. म्हणजे करारात Vaman आणि पडद्यावर Waman पाहून थबकणारा माणूस आता प्रत्येक व्यवहाराच्या टोकाला बसलेला आहे. परदेशातून येणाऱ्या पैशांचे संदेशही रोमन अक्षरांतच चालतात. देवनागरीला तिथे जागाच नाही.

खुद्द पॅनच्या क्रमांकात नावाचे अक्षर शिरलेले आहे. व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर हे आडनावाचे आद्याक्षर असते. वाघ आडनावाच्या माणसाने पॅन काढताना Vagh लिहिले तर पाचवे अक्षर V पडते, Wagh लिहिले तर W. पुढे त्याने स्पेलिंग बदलून घेतले तरी पॅनचा क्रमांक तोच राहतो. शुद्धीच्या मोहिमेत नाव सुधारेल, पण क्रमांकात जुने अक्षर जन्मभर राहील.

‘सॉफ्टवेअर थोडा फरक चालवून घेईल’ हा त्याच आक्षेपाचा धाकटा भाऊ. चालवून घेते, पण त्याची किंमत असते. जुळणी सैल केली की Waman आणि Vaman एक ठरतात, आणि त्याच सैलपणात दोन खरोखर वेगळी माणसेही एक ठरू शकतात. काळे आणि काले ही दोन वेगळी आडनावे आहेत. रोमनमध्ये ती आधीच एक झालेली आहेत. त्यावर आणखी सैलपणा चढवणे बँकेला परवडत नाही, म्हणून संशय आला की ती फाइल माणसाकडे पाठवते आणि आपण पुन्हा त्या खिडकीपाशी येतो.

मग प्रतिज्ञापत्र. ‘वरील सर्व नावांची व्यक्ती एकच’ असे लिहून नोटरी करून दिले की झाले, असा सर्वांचा समज. बँकेत ते चालूनही जाते. पण प्रतिज्ञापत्र हे त्या माणसाचे स्वतःचेच कथन आहे, आणि ते कागद वाचणाऱ्या माणसालाच पटवते. यंत्रातली जुळणी त्याने होत नाही. परदेशातल्या बँकेला किंवा वकिलातीला ते मान्य करण्याचे बंधनही नाही. खरोखर नावच बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जुने आणि नवे नाव छापून आणणे हा रस्ता आहे. राजपत्राची प्रत जुन्या पदवीला नव्या नावाशी कायमची बांधते, प्रतिज्ञापत्र तेवढे बांधत नाही.

आणि म्हणूनच शुद्धीसाठी सरसकट दुरुस्तीचा सल्ला धोक्याचा आहे. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. पैकी एक संधी Vaman चे Waman करण्यात खर्च झाली आणि पुढे लग्नानंतर किंवा घटस्फोटानंतर खरा बदल करायची वेळ आली, तर हाती एकच उरते. मराठी स्त्रियांच्या बाबतीत लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची चाल अजून आहे. हा सल्ला सर्वात महागात पडतो तो त्यांना.

कोणते स्पेलिंग धरावे, हा प्रश्न मग उरतो. ज्याच्याकडे पासपोर्ट आहे त्याने पासपोर्टचे धरावे आणि बाकीचे कागद त्याच्याकडे आणावेत. पासपोर्टवरचे नाव व्हिसा, तिकीट, परदेशी बँक आणि परदेशातला नोकरीचा करार या सगळ्यांत जसेच्या तसे जाते. ते बदलले की मागचे व्हिसेही जुन्या नावाचे ठरतात. पासपोर्टमध्ये आद्याक्षरे चालत नाहीत, पूर्ण नाव लागते, त्यामुळे ‘D. W. Kale’ नावाचे जुने खाते असेल तर ते आधी उलगडून घ्यावे. आडनावाची चौकट रिकामी सोडून सगळे नाव दुसऱ्या चौकटीत भरलेले पासपोर्ट अजून सापडतात. तेवढे मात्र दुरुस्त करायलाच हवेत. अमेरिकी व्हिसावर अशा वेळी सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी FNU छापले जाते. अक्षर गळून नाव भलतेच झाले असेल तर तीही खरी चूक. W की V ही चूक नव्हे.

कंपन्यांच्या बाबतीत घोळ कायद्यातच आहे. कंपनीची नोंदणी रोमन लिपीतल्या नावाने होते आणि नाव देताना निबंधक कार्यालय उच्चाराने सारखी, स्पेलिंगने वेगळी नावे एकच धरते. बँक मात्र एकेक अक्षर पाहते. त्याच वेळी 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 12 सांगते की कार्यालयाबाहेरच्या फलकावरची लिपी त्या भागात प्रचलित भाषेची नसेल तर नाव त्या लिपीतही लिहावे. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीने दुकाने आणि आस्थापनांचे फलक मराठीत, देवनागरीत आणि ठळक असणे बंधनकारक केले. म्हणजे कंपनीला देवनागरी नाव लागतेच, पण ते नेमके कोणते हे नोंदवायची जागा कंपनीच्या नोंदणीत नाही. परिणामी तीच कंपनी फलकावर ‘एंटरप्रायझेस’, भाडेकरारात ‘एन्टरप्राइजेस’ आणि इंडेक्स टूमध्ये ‘इंटरप्राईजेस’ होते. कुणी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहितो, कुणी ‘प्रा. लि.’, कुणी भाषांतर करून ‘खासगी मर्यादित’. भाषांतर तर अजिबात करू नये. कंपनीचे नाव हे नाव आहे, वर्णन नव्हे.

अशी जागा मिळेपर्यंत कंपन्यांनी स्वतःच एवढे करावे. संचालक मंडळाच्या एका ठरावात देवनागरी रूप अक्षरशः नमूद करावे, तेच फलकावर, लेटरहेडवर आणि प्रत्येक मराठी करारात वापरावे, आणि नावाशेजारी 21 अक्षर-अंकांचा कंपनी ओळख क्रमांक द्यावा. वाद झालाच तर न्यायालयासमोर ठरावाची प्रत दाखवता येते. कंपनी व्यवहार मंत्रालयाने नोंदणीच्या अर्जात भारतीय लिपीतल्या नावाचा एक ऐच्छिक रकाना दिला तर हा ठरावही लागणार नाही. आणि राज्याच्या नोंदणी विभागाने डेटा एंट्रीत पक्षकाराने स्वतः दिलेले देवनागरी नाव करारनाम्यातून उतरवणे बंधनकारक करावे. भाषाप्रेमींनी आग्रह धरायचा तर या दोन गोष्टींचा धरावा.

नव्या बाळांच्या बाबतीत हे सर्वात सोपे आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळा, पासपोर्ट आणि इतर कामांसाठी जन्मतारखेचा आधार आहे, आणि महाराष्ट्रातला दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांत बाळाच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव येते, म्हणजे जुळायला आणखी एक नाव वाढले. बाळाचे नाव जन्मनोंदीत 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. तो अर्ज भरताना आई-वडिलांनी आपापले पासपोर्ट किंवा आधार समोर ठेवावेत, स्वतःची नावे त्यांवरून अक्षर न् अक्षर उतरवावीत, बाळाचे नाव दोन्ही लिप्यांत स्वतःच्या हाताने लिहून द्यावे आणि दाखल्याची पहिली प्रत हाती येताच कार्यालयातून बाहेर पडण्याआधी ती वाचावी.